समाईक चार फूट

गोव्यात जुन्या वास्तूंवर बोलणाऱ्यांची वाण नाही. पणजीत फोंताइन्हासच्या गल्लीबोळांतून कुणी ना कुणी पाहुण्यांचा घोळका घेऊन फिरत असतंच. लाल-पिवळ्या भिंती, शिंपल्यांची तावदानं, कौलांवरचा मातीचा कोंबडा, सगळं नीट दाखवलं जातं. घराच्या दारापुढच्या ओसरीपाशी, म्हणजे बाल्कांवापाशी आल्यावर सांगणाऱ्याचा आवाज जरा हळवा होतो. इथे समोरासमोरच्या दोन बाकांवर, म्हणजे सोप्यांवर, घरची माणसं संध्याकाळी बसायची, रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारायची, पाव घेऊन येणाऱ्या पदेराची वाट बघायची. ऐकणारे माना डोलवतात आणि फोटो काढतात.

मी वास्कोत चाळीत वाढले. आमच्याकडेही संध्याकाळी माणसं दाराबाहेर बसायची, जाणाऱ्याला हाक मारायची आणि पदेराची वाट बघायची. पण तिथे आजवर कुणी घोळका घेऊन आलेलं नाही आणि येणारही नाही. बाल्कांव एका घराचा असतो आणि ते घर कुणाचं हे सांगता येतं. चाळीची गॅलरी कुणाचीच नसते. वारशाच्या यादीत नाव लागायला मालकाचं आडनाव लागतं की काय, अशी शंका मला कधीकधी येते.

माझं आयुष्य आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढण्यात गेलं. त्यामुळे जमीनमालकाच्या, म्हणजे भाटकाराच्या वारसांनी आमची चाळ पाडायची ठरवली तेव्हा, पाडण्याआधी तिचा मोजून नकाशा करून ठेवावा, एवढं तरी आपल्याला जमेल असं वाटलं. टेप, फळी आणि एक जुना सुतार, म्हणजे मेस्त, बरोबर घेऊन गेले. हा लेख त्या मोजमापातून निघाला आहे. गोव्याची चाळ समजून घ्यायला मुंबईच्या चाळीकडे जावं लागतं, म्हणून तिथेही जाणार आहे.

आमची चाळ तशी लहान. तळमजला आणि वर एक मजला. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, वर लाकडी माडी. प्रत्येक मजल्यावर एका ओळीत खोल्या आणि त्यांच्या पुढून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी चार फूट रुंदीची गॅलरी. बंदरावर, रेल्वेत, खनिजाच्या बार्जींवर कामाला आलेली माणसं इथे राहायची. सावंतवाडीची, मालवणची, कारवारची, बेळगावकडची. गॅलरीत मराठी, कोकणी आणि कानडी एकाच वाक्यात चालायची.

खालून बघितलं तर वरची गॅलरी हवेत उभी आहे असं वाटतं. तिला खांब नाहीत. खोलीच्या जमिनीखाली जे दांडे आहेत, तेच दांडे भिंतीवरून पुढे चार फूट बाहेर आलेत आणि त्यांच्यावर फळ्या ठोकल्यात. दांड्याचा आतला दहा-बारा फुटांचा भाग खोलीच्या ओझ्याने दाबलेला असतो, म्हणून बाहेरचा भाग तोल सांभाळतो. म्हणजे घरातली माणसं, पेट्या, पिंपं यांच्या वजनावर गॅलरी उभी असते. गिरगाव-परळच्या जुन्या लाकडी चाळींतही हीच युक्ती आहे. तिथे सागवान, आमच्याकडे किंदळ आणि मत्ती. तिथे दांड्याखाली नक्षीचे ब्रॅकेट, आमच्याकडे नुसताच तिरका टेकू.

या बांधणीची दुखरी जागा कुठे, ते मेस्ताने दाखवलं. मला वाटलं होतं, पावसात भिजणारं बाहेरचं टोक आधी जाईल. त्याने बाहेरच्या टोकावर स्क्रू-ड्रायव्हर दाबून दाखवला, लाकूड टणक होतं. मग उंबऱ्याजवळची एक फळी उचकटली आणि दांडा भिंतीवर टेकतो तिथे तोच स्क्रू-ड्रायव्हर टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. "लाकूड भायर कुसना, वणटीभितर कुसता," तो म्हणाला. बाहेरचं टोक भिजतं, पण वाऱ्याने वाळतंही. भिंतीतल्या भागाला वारा लागत नाही. आणि नेमक्या त्याच जागी, भिंतीच्या वर, दांड्यावरचा ताण सगळ्यात जास्त असतो. बाहेर लटकलेलं वजन दांड्याचा वरचा अंग ताणत असतं, आणि पाणी वरूनच झिरपतं.

हे पाणी येतं कुठून? गोव्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चाळ बांधणाऱ्याने कौलांची वळचण कठड्याच्या पुढे काढली होती, गॅलरीला बाहेरच्या बाजूला हलका उतार दिला होता आणि फळ्यांमध्ये फटी ठेवल्या होत्या. पाणी आलं तर निघून जावं म्हणून. पुढे पन्हळ गंजून गेली. भाडेकरूंनी खोलीत पाणी येऊ नये म्हणून उंबऱ्याशी सिमेंटचा उंचवटा केला. फटीतून खालच्यांच्या डोक्यावर केर पडतो म्हणून वरच्यांनी फळ्यांवर माल टाकून लाद्या बसवल्या. प्रत्येकाने आपल्यापरीने शहाणपणच केलं होतं. पण दहा फूट लांब आणि चार फूट रुंद तुकड्यावर दोन इंच माल आणि वर लादी म्हटली की चारशे किलोंच्या वर ओझं होतं, आणि तेही लटकत्या भागावर. शिवाय लादीखाली शिरलेलं पाणी आता कुठेच जात नाही, उंबऱ्यापाशी साठतं आणि दांड्यात उतरतं.

गॅलरी धोक्यात आहे हे ओळखायला मोठी यंत्रं लागत नाहीत. बाहेरचा उतार हा दोष नव्हे, तो मुळातला असतो. पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बादलीभर पाणी ओतत गेलं आणि ते एखाद्याच खोलीसमोर खोलगट जागेत थांबलं, तर तिथला दांडा खचला आहे. उंबरा आणि गॅलरीची जमीन यांत करंगळी जाईल अशी फट पडली, तर आणखी उशीर झालेला आहे. आमच्या चाळीत मधल्या तीन खोल्यांसमोर पाणी थांबलं. बाकी गॅलरी ठीक होती. मेस्ताच्या मते लाद्या उतरवून, तेवढे दांडे बदलून, कुजलेल्यांच्या शेजारी नवे जोडदांडे घालून, पन्हळ नव्याने बसवली असती तर चाळ आरामात उभी राहिली असती. इंजिनिअरच्या अहवालात मात्र संपूर्ण इमारत धोकादायक असं एक ओळीत लिहिलेलं होतं. तीन खोल्यांचा आजार तीसांच्या नावावर लिहायला फार शाई लागत नाही.

असो. लाकडाचं एवढं सांगितलं ते अशासाठी की गॅलरी टिकवणं म्हणजे काय, हे आधी समजायला हवं. ती शोभेची गोष्ट नाही. घरातल्या ओझ्याशी बांधलेली आहे. खोल्या पाडून गॅलरी जपता येत नाही, आणि गॅलरी कापून खोल्या ठेवल्या तर त्या चाळ राहत नाहीत.

आता मुंबई. माझी आत्या लग्न होऊन गिरगावात गेली. गोव्यातल्या हिंदू घरांतल्या कित्येक जणांची मुंबई म्हणजे गिरगावच. ख्रिस्ती गोंयकारांची मुंबई वेगळी. ते धोबीतलाव-माझगावच्या कुडांमध्ये उतरायचे. एकेका गावाचा एक कूड, एका दालनात ओळीने ठेवलेल्या पेट्या, जहाजावरची नोकरी मिळेपर्यंत मुक्काम आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. आमची माणसं मात्र संसार घेऊन गेली, म्हणून त्यांना चाळ लागली. मे महिन्यात आम्ही पणजीहून बोटीने मुंबईला जायचो आणि आत्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत मावायचो. मावायचो म्हणजे खरं तर मावत नव्हतोच. पुरुष आणि मोठी मुलं गॅलरीत झोपायची.

इथे एक हिशेब मांडून बघते. मजल्यावर बारा खोल्या, प्रत्येक खोली 10 बाय 12, म्हणजे 120 चौरस फूट. खोल्यांच्या तोंडाची लांबी दहा-दहा फूट धरली तर गॅलरी 120 फूट लांब. रुंदी चार फूट. एकूण 480 चौरस फूट. बारा बिऱ्हाडांत वाटली तर प्रत्येकी 40. खोलीच्या एक तृतीयांश. कागदावर एवढीच तिची किंमत, आणि पुनर्विकासाच्या कागदावर तर तेवढीही नाही. मुंबईच्या उपकरप्राप्त इमारतींच्या नियमात, ज्याला सगळे 33(7) म्हणून ओळखतात, भाडेकरूचं क्षेत्र मोजताना त्याच्या ताब्यातली खोली मोजतात, आणि खोली लहान असली तरी किमान 300 चौरस फूट चटई क्षेत्र देतात. गॅलरी कुणाच्याच ताब्यात नसल्याने ती कुणाच्याच खात्यावर चढत नाही.

पण भागाकार करून गॅलरीची किंमत निघते का? आत्याच्या नणंदेचं केळवण झालं तेव्हा तिला 40 चौरस फूट मिळाले नव्हते, 480 मिळाले होते. बाराही दारांसमोर पानं मांडली होती. शेजारचे काका गेले आणि त्यांचे दिवस झाले तेव्हा त्यांच्या घरालाही सगळे 480 मिळाले. कुर्डया-पापड वाळवायचे असतील तेव्हा उन्हाची बाजू, मुलांना क्रिकेट खेळायचं असेल तेव्हा लांबी, परीक्षेच्या दिवसांत दिव्याखालचा कोपरा. प्रत्येकाला ती लागते तेव्हा जवळजवळ पुरी मिळते, कारण सगळ्यांना ती एकाच वेळी तशी लागत नाही. 120 फुटांच्या खोलीत सहा-सात माणसांचा संसार होत होता तो या गणितावर. तीनशे फुटांच्या फ्लॅटमध्ये जाऊनही लोक केळवण करायला हॉल भाड्याने घेतात, तेही याच गणिताने.

रुंदीचं मात्र काटेकोर आहे. भिंतीला पाठ टेकून, पाय दुमडून एक माणूस बसला की दोन-सव्वादोन फूट जातात. उरलेल्या जागेतून दुसरा माणूस कळशी घेऊन जाऊ शकला पाहिजे. म्हणून साडेतीन ते पाच फूट. तीन फुटांची असती तर ती नुसती वाट झाली असती, बसणाऱ्याला उठावं लागलं असतं. आठ फुटांची असती तर प्रत्येकाने आपापल्या दारासमोर पेटी ठेवून, पडदा लावून ती आपली केली असती. चार फुटांत जाणाऱ्याचा पदर बसलेल्याला लागतोच, आणि "कुठे निघालीस?" हे विचारल्याशिवाय राहवत नाही.

हे सगळं असलं तरी गॅलरी आपोआप माणसं जोडते, असं मी म्हणणार नाही. याला मोठा पुरावा मुंबईतच आहे. गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या काळात, 1920 साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झालं आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे त्यांच्या, म्हणजे बीडीडी, चाळी उभ्या राहिल्या. वरळीत 121, नायगावात 42, डिलाईल रोडला 32 आणि शिवडीत 12, अशा 207 इमारती. तळमजला अधिक तीन मजले, एका मजल्यावर वीस खोल्या, खोली 160 चौरस फुटांची. लाकूड नाही, सगळं काँक्रीट. आणि बाहेर मोकळी गॅलरीही नाही. मधून जाणारा व्हरांडा, त्याच्या दोन्ही बाजूंना खोल्या. बांधून झाल्यावर सुरुवातीची काही वर्षं यातल्या कित्येक खोल्या रिकाम्याच पडून होत्या. गिरण्यांपासून लांब, सोयी नाहीत, कामगार येईनात. 1930च्या सविनय कायदेभंगात वरळीच्या काही चाळी तात्पुरता तुरुंग म्हणून वापरल्या गेल्या. ज्या वास्तूला आज आपण सामूहिक जीवनाचा नमुना म्हणतो, तिला राहायला माणसं मिळत नव्हती.

मग तिथे जीव कुठून आला? माझ्या मते दोन कारणांनी. पहिलं कारण वाऱ्याचं. एका बाजूला खिडकी आणि दुसऱ्या बाजूला दार अशा खोलीत दार लावलं की वारा बंद. स्टोव्हचा धूर, मे महिन्याचा उकाडा, सहा माणसांचा श्वास. दार उघडं ठेवण्याला पर्यायच नव्हता. दारं उघडी राहिली म्हणून व्हरांड्यातून जाणारा घरात डोकावला, आणि घरातला बाहेर आला. हा मोकळेपणा कुणी सौजन्याने पाळला नव्हता, तो हवेने लादला होता. पंखे आले, एक्झॉस्ट आले, पुढे एसी आले तशी बीडीडीतली दारंही दुपारी बंद दिसू लागली. व्हरांडा तोच, दरवाजे तेच.

दुसरं कारण कायद्याचं आहे आणि ते जरा गंमतीचं आहे. खाजगी चाळींना 1947चा मुंबई भाडे कायदा लागू झाला. जुन्या जागांची भाडी 1 सप्टेंबर 1940च्या पातळीवर गोठली. मालकाला दुरुस्तीत पैसे घालण्याचं कारण उरलं नाही, चाळी खंगत गेल्या आणि अखेर 1969 साली सरकारला उपकर लावून दुरुस्तीचं स्वतंत्र मंडळ काढावं लागलं. हे सगळे सांगतात. पण त्याच कायद्याने भाडेकरूला हुसकावणं जवळजवळ अशक्य केलं. त्यामुळे एका खोलीत आजोबा, मुलगा, नातू अशा तीन पिढ्या राहिल्या आणि त्यांच्या शेजारच्या खोलीतही तशाच तीन. आपल्या सासूने जिच्या सासूशी नळावर भांडण केलं, तिच्याकडेच पोर ठेवून सून कामाला जाते, हे नातं तीस-चाळीस वर्षांखेरीज होत नाही. म्हणजे ज्या कारणाने दांडे कुजले, त्याच कारणाने शेजार मुरला. चाळीचं आयुष्य जपायचं आणि तिचं दारिद्र्य तेवढं वजा करायचं, असं म्हणणाऱ्यांना ही गाठ सोडवावी लागेल. मला ती पूर्ण सुटलेली नाही.

याच जागी गोव्याची आठवण येते. आमच्याकडेही 1968चा भाडेनियंत्रण कायदा आहे आणि वास्कोतल्या आमच्या चाळीसारख्या जुन्या चाळी त्याच्या आधाराने टिकल्या. पण आज गोव्यात चाळी नव्याने बांधल्या जात आहेत, हे पणजीत बसून कळत नाही. वेर्णा, झुआरीनगर, कुंडईच्या बाजूला जाऊन बघा. घरमालकाच्या परसात एका ओळीत पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोल्या, पुढे समाईक पडवी, टोकाला समाईक शौचालय. आराखडा बघितला तर शंभर वर्षांपूर्वीच्या गिरगावचा. राहणारे ओडिशाचे, बिहारचे, उत्तर कर्नाटकचे. करार अकरा महिन्यांचा, कारण वर्षाच्या आतला करार असला की नोंदणीची कटकट टळते. अकरा महिन्यांनी माणसं बदलतात. तिथेही पडवी चार फुटांची आहे आणि तिथेही वाऱ्यासाठी दारं उघडी असतात. पण शेजाऱ्याचं नाव विचारलं तर मोबाईलमध्ये बघून सांगतात. चाळ तीच आहे, काळ तिला मिळालेला नाही.

चाळीतल्या आयुष्याचे गोडवे गाणाऱ्यांविषयी मला एरवीही थोडा संशय असतो, कारण त्यात संडासाच्या रांगा येत नाहीत. रात्री पोटात कळ आली म्हणून गॅलरीच्या टोकापर्यंत एकटीने जाणं काय असतं, हे बहुधा पुरुष लिहीत नाहीत. सुनेचं रडणं बारा घरांना ऐकू जातं, आणि बाराही घरं ते ऐकलं नाही असं दाखवतात. कोणाला कोणत्या चाळीत खोली मिळाली यात जात उघड होती. गिरगावातल्या कित्येक वाड्या-चाळी एकेका समाजाच्या होत्या, आणि गिरणगावातल्या सरकारी आणि ट्रस्टच्या चाळींत दलित कामगार मोठ्या संख्येने राहिले. जानेवारी 1974मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली, दलित पँथरची सभा तिचं निमित्त होती. तेव्हा समाईक जिना आणि व्हरांडा कुणाला वाचवायला धावला नाही. पण त्याच प्रकारच्या चाळींत दुसरंही घडलं. प्लेगनंतर 1898 साली निघालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या परळच्या चाळीत, 50 आणि 51 नंबरच्या खोल्यांत, डॉ. आंबेडकर वीसेक वर्षं राहिले. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत 1893पासून सार्वजनिक गणपती बसतो. चौकात मंडप आणि वरच्या गॅलऱ्यांतून बसलेला प्रेक्षक, ही रचना उत्सवासाठी कुणी बांधली नव्हती, ती आयती हाताशी होती.

म्हणून वारसा जपायचा म्हटल्यावर नेमकं काय जपायचं, हा प्रश्न उरतो. परळला आंबेडकरांच्या खोल्या जपायच्या हे कुणालाही पटेल. पण खोली 50 आणि 51 राहिल्या आणि पुढची गॅलरी, शेजारची 49, 52, जिना, नळ हे सगळं गेलं, तर उरलेली खोली कसली चाळीतली? वरळीतही एक जुनी इमारत संग्रहालय म्हणून ठेवायचं बोललं जातं. ठेवावी, चांगलंच आहे. मात्र तिथे दारं वाऱ्यासाठी उघडी नसतील.

बीडीडीच्या पुनर्विकासात 160 फुटांच्या खोलीऐवजी 500 चौरस फुटांचं घर मालकीने मिळतं. ऑगस्ट 2025मध्ये वरळीत पहिल्या 556 घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. घरात संडास, घरात नळ. याला नाक मुरडणाऱ्याने आधी एक महिना टोकाच्या संडासात जाऊन यावं. मला त्यातली एकच गोष्ट खटकते आणि तिला फार पैसेही पडत नाहीत. कुणाला कुठलं घर, हे संगणकाच्या सोडतीने ठरतं. सोडत काढतात ती भ्रष्टाचार होऊ नये, वरच्या मजल्यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून, आणि ते कारण खोटं नाही. पण व्हरांड्यात समोरासमोर ऐंशी वर्षं काढलेली दोन घरं त्यात विसाव्या आणि चौतिसाव्या मजल्यावर जातात. इमारतीत तीन पिढ्यांत जमलेली एकमेव गोष्ट म्हणजे दारांचा क्रम, आणि सोडत पहिल्यांदा तोच विस्कटते. सोडत घरावार न काढता गटावार काढता येते. जुन्या मजल्यावरच्या ज्या पाच-दहा बिऱ्हाडांना एकत्र राहायचं आहे त्यांनी आधी एक गट करून नाव द्यावं, आणि मजला कुठला ते सोडतीने ठरावं. निष्पक्षपणा तेवढाच राहतो.

दुसरी गोष्ट नव्या मजल्याच्या आराखड्याची. टॉवरमध्ये लिफ्टभोवती आठ-दहा दारं असतात. मधली जागा बंदिस्त, ट्यूबलाइटच्या उजेडाची. तिथे उभं राहायला कारण नाही, वाराही नाही आणि खाली काय चाललंय तेही दिसत नाही. ही मधली जागा एका बाजूने उघडी काढली, बाहेरच्या भिंतीला लावून, तर घरांना दोन्हीकडून वारा मिळतो. बिल्डर हे टाळतो कारण एका बाजूलाच दारं असलेल्या व्हरांड्यात प्रत्येक घरामागे चालण्याची जागा जवळजवळ दुप्पट लागते. दोन्ही बाजूंना दारं असली की तीच जागा दोघांत वाटली जाते. खर्चाचं कारण एवढं सरळ आहे. चाळीच्या मालकानेही एकेकाळी हेच गणित केलं असेल, पण त्याच्याकडे वीज आणि एक्झॉस्ट नव्हते, म्हणून त्याला गॅलरी द्यावीच लागली.

वास्कोच्या चाळीचा नकाशा आता पुरा झाला आहे. एका कागदावर दांडे, भिंती, कठडा, उतार. दुसऱ्या कागदावर मी खोल्यांचे चौकोन काढून प्रत्येकात कोण कधीपासून राहतं ते लिहिलं, आणि कुणाची किल्ली कुणाकडे असते ते बाणाने दाखवलं. हा दुसरा कागद काढायला जास्त वेळ लागला. वरच्या मजल्यावरच्या काकी म्हणाल्या, "बाय, हें कित्याक गो?" आणि मग स्वतःच चष्मा लावून माझे चार बाण खोडून दुरुस्त केले.

भाटकाराच्या पुतण्याला दोन्ही कागद दाखवले. तो वाईट माणूस नाही. पहिला कागद त्याने गुंडाळून ठेवला. दुसरा बघत राहिला आणि विचारलं, की याप्रमाणे फ्लॅट वाटले तर चालेल का, म्हणजे खालचे खाली, शेजारचे शेजारी? मी म्हटलं, ते भाडेकरूंना विचार. गॅलरीचं विचारलं तर म्हणाला, नियमात बसतो तेवढा पॅसेज देऊ, पण मधून. भाडेकरूंची बैठक अजून व्हायची आहे. ती कुठे घ्यायची यावर तूर्त वाद चालू आहे, कारण मधल्या तीन खोल्यांसमोर एकदम इतक्या माणसांनी बसू नये असं मेस्ताने बजावलं आहे.